सगळीकडे ‘येस’ टाकायचं की नाही: डिचोलीच्या काजू युनिटने मोठ्या कंपनीचा सप्लायर फॉर्म कसा भरला

(प्रकरण खरं आहे. युनिट, कंपनी, माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत. मी फोंड्याला राहतो, छोट्या फूड युनिट्सची क्वालिटीची कागदपत्रं बघायचं काम करतो, तेवढ्यापुरता यात होतो.)

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यात एक काजू फॅक्टरी आहे, दोन पिढ्यांची. मालकांना सगळे भाई म्हणतात, आता धंदा बराचसा थोरला मुलगा बघतो. काम नेहमीचंच, बी वाळवायची, वाफवायची, फोडायची, गर बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या भट्टीत, सुकवायचा, साल काढायची, ग्रेडिंग करायचं आणि दहा किलोच्या व्हॅक्यूम पाऊचमध्ये भरायचं. गिऱ्हाईक म्हणजे पणजी-म्हापशाची दुकानं, थोडी हॉटेलं आणि बेळगावचे दोन व्यापारी. कोणी कधी कागद मागितला नाही, माल बघायचे, चव घ्यायचे, रेटवर घासाघीस करायचे, झालं.

मग मुंबईच्या एका मोठ्या स्नॅक्स कंपनीने सॅम्पल मागवलं, सॅम्पल पास झालं आणि पर्चेसवाल्याने सांगितलं की महिन्याला सगळ्या ग्रेड मिळून सहा टन घेऊ, फक्त आधी सप्लायर अप्रूव्हल करून घ्या. त्यासाठी एक एक्सेल आली. क्वालिटी, फूड सेफ्टी, लेबर, पर्यावरण अशा वेगवेगळ्या शीट, प्रत्येक प्रश्नापुढे ड्रॉपडाउन (येस, नो, लागू नाही), त्यापुढे पुरावा जोडायचा रकाना आणि शेवटी डिक्लेरेशन: वरील माहिती खरी आणि पूर्ण आहे, चुकीची आढळल्यास कंपनी ऑर्डर रद्द करू शकते आणि नुकसान वसूल करू शकते. खाली भाईंची सही.

मुलाने एका रात्रीत फॉर्म भरून टाकला, जवळजवळ सगळीकडे येस. पाठवायच्या आधी ‘एकदा नजर मारा’ म्हणून माझ्याकडे आला.

अडचण

खरं सांगायचं तर युनिट वाईट नव्हतं. एफएसएसएआय लायसन्स चालू होतं, पाण्याची टेस्ट झालेली, कामगारांचे मेडिकल झालेले, पोल्युशन बोर्डाचा कन्सेंट होता. म्हणजे अर्धे येस खरेच होते. घोटाळा बाकीच्या अर्ध्यात होता आणि तो सगळा खोटेपणाचा नव्हता, बराचसा प्रश्न नीट न वाचल्याचा होता. अशा फॉर्ममध्ये ‘सगळा’, ‘प्रत्येक’, ‘नेहमी’, ‘मुक्त’ हे शब्द प्रश्नाच्या पोटात दडलेले असतात, वाचणारा त्यांच्यावरून घसरत पुढे जातो आणि येस टाकतो.

चार प्रश्न अडले.

पहिला: उत्पादनाचा कुठलाही टप्पा तुमच्या जागेच्या बाहेर होतो का? मुलाने ‘नो’ टाकलं होतं. पण हंगामात, मार्च ते जून, साल काढायचं निम्मं काम जवळच्या गावातल्या बचत गटाच्या शेडमध्ये जायचं. बायका किलोवर काम करायच्या, संध्याकाळी टेम्पो जाऊन माल घेऊन यायचा. मुलाच्या मते हे ‘आपलंच’ काम, बाहेरचं कसलं. पण एफएसएसएआयचं लायसन्स जागेवर असतं, फॅक्टरीच्या पत्त्याचं लायसन्स त्या शेडला लागू होत नाही आणि शेडचं स्वतःचं रजिस्ट्रेशन काही नव्हतं.

दुसरा: शंभर टक्के माल मेटल डिटेक्टरमधून जातो का, सेन्सिटिव्हिटी किती आणि बारा महिन्यांचे रेकॉर्ड आहेत का? मशीन होतं, सेकंडहँड घेतलेलं. सेन्सिटिव्हिटीचे आकडे, म्हणजे किती बारीक धातूचा तुकडा पकडला जातो ते, मुलाने कॅटलॉगमधून उतरवले होते. रजिस्टर मात्र जेमतेम साडेतीन महिन्यांचं.

तिसरा: माल पेस्टिसाइडच्या अवशेषांपासून मुक्त आहे का? येस, सोबत एक लॅब रिपोर्ट जोडलेला.

चौथा: कच्च्या मालाचं मूळ काय? ‘गोवा’. आता गोव्यात काजूचं युनिट चालवणाऱ्या कोणालाही माहीत आहे की स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, हंगाम संपला की आफ्रिकेची बी येते. भाईंकडे बेनिन आणि आयव्हरी कोस्टची यायची. गोव्याच्या काजूला जीआय, म्हणजे त्या प्रदेशाच्या नावाचा कायदेशीर टॅग, मिळाल्यापासून तर ‘गोवा’ हा शब्द नुसता पत्ता राहिलेला नाही, तो दावा झालाय.

समोरचे पर्याय

भाईंच्या ऑफिसात बसून, म्हणजे वजनकाट्याशेजारच्या टेबलावर, यावर बरीच वादावादी झाली.

मुलाचं म्हणणं, जसं आहे तसं पाठवूया, सगळे असंच करतात, ऑडिट येईल तोवर सुधारून घेऊ. हे अगदीच हवेत नव्हतं. त्याच्या ओळखीच्या एका युनिटने हाच फॉर्म सरसकट येस भरून अप्रूव्हल मिळवलं होतं. पण भाईंची सही नुकसानभरपाईच्या वाक्याखाली जाणार होती, आणि शेडची गोष्ट लपणारी नव्हती. टेम्पो रोज रस्त्याने जातो, कामगारांना विचारलं तर ते सरळ सांगतील, ते काय खोटं बोलणारेत का.

दुसरा पर्याय, अडचणीच्या प्रश्नांना ‘लागू नाही’ टाकायचं. हे मी खूप ठिकाणी बघतो आणि मला ते येसपेक्षा वाईट वाटतं. काजू युनिटने मेटल डिटेक्टरसमोर ‘लागू नाही’ लिहिलं की वाचणाऱ्याला दोनच गोष्टी वाटतात, एक तर ह्यांना कळत नाही नाहीतर हे टाळतायत.

तिसरा, सगळीकडे नम्रपणे ‘नो’. भाई थोडे तिकडे झुकले होते, ‘आपण गरीब माणसं, जे आहे ते सांगूया’. पण यातही खोट आहे. ज्या गोष्टी खरंच होतात त्यांनाही ‘नो’ म्हटलं तर फॉर्म खोटाच होतो, फक्त उलट्या बाजूने. उदाहरणार्थ हॅसॅप, म्हणजे धोका कुठल्या टप्प्यावर आहे आणि तो तिथे कसा रोखायचा याची पद्धत. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं म्हणून भाई ‘नो’ म्हणत होते, पण प्रश्न होता ‘लिखित हॅसॅप प्लॅन आहे का’, आणि तो होता. साधाच, तीन पानांचा, पण वाफवण्याचा आणि मेटल डिटेक्टरचा टप्पा त्यात नीट लिहिलेला. सर्टिफिकेटचा प्रश्न त्याच्याखाली वेगळा होता. वरच्याला येस, खालच्याला नो.

चौथा, जो शेवटी ठरला: ड्रॉपडाउनमध्ये खरं ते उत्तर आणि शेजारच्या रकान्यात काय होतं, कधीपासून होतं, काय होत नाही, ते कधी होईल. मुलगा वैतागून म्हणाला, ‘एवढा निबंध कोण वाचतो हो?’ पर्चेसवाला वाचत नाहीच, पण त्यांची क्वालिटीवाली बाई वाचते, आणि अप्रूव्हल तीच देते.

काय केलं

आधी फॉर्म बाजूला ठेवला आणि एक उलटी ट्रेस केली. दुकानात न गेलेला एक पाऊच उचलला आणि म्हटलं, यातला गर कुठल्या बीचा ते दाखवा. पाऊचवर पॅकिंगचा नंबर होता, त्यावरून ग्रेडिंगची तारीख मिळाली, तिथपर्यंत छान. ग्रेडिंगवरून मागे गेलो तर साल काढायच्या टप्प्यावर दोर तुटला. फॅक्टरीत काढलेल्या मालाला लॉटची चिठ्ठी होती, शेडमधून आलेल्या मालाला फक्त ‘कोणाचे किती किलो’ अशी पैशांची चिठ्ठी. शेडमध्ये कालचा उरलेला आणि आजचा आलेला गर एकाच सुपात पडत होता.

वजनाचा हिशेबही केला. ऐंशी किलोच्या वीस गोणी म्हणजे 1600 किलो बी, त्यातून साधारण 430 किलो गर अपेक्षित. फॅक्टरीतल्या निम्म्याचा हिशेब जुळला. शेडमधल्या निम्म्याचा जुळवताच येईना, कारण आत काय गेलं ते एका लॉटचं आणि बाहेर काय आलं ते तीन दिवसांचं. म्हणजे उद्या एखाद्या लॉटमध्ये काही सापडलं तर तीन दिवसांचा माल परत बोलवावा लागणार. ट्रेसेबिलिटीच्या प्रश्नाला आता मोघम ‘येस’ लिहिता येत नव्हतं, पण ‘नो’ही खरं नव्हतं. लिहिलं ते असं: फॅक्टरीत साल काढलेला माल एका लॉटपर्यंत मागे नेता येतो, बाहेर काढलेला तीन दिवसांच्या लॉटपर्यंत.

मग शेडचा निर्णय. सोपा उपाय दिसत होता, ‘तुमच्या ऑर्डरचा माल शेडमध्ये जाणार नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं. पण हे वाक्य सुद्धा दावाच आहे, ते पाळता येईल का हे आधी मोजायला हवं. फॅक्टरीत साल काढायची क्षमता दिवसाला 200 किलोच्या आसपास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाच टन. कंपनीला हवे सहा. शिवाय पणजी-म्हापशाचं जुनं गिऱ्हाईक आहे, त्यातल्या दोन हॉटेलांनाही भाई बाहेरचा माल द्यायला तयार नव्हते. कागदावर सगळं मांडल्यावर निघाले तीन टन. इथे भाई बराच वेळ गप्प बसले, कारण सहाचे तीन करायला आपण स्वतःहून सांगायचं हे धंद्याच्या माणसाला जड जातं. पण सहा लिहून शेवटी हंगामात गुपचूप शेडचा माल मिसळायचा हे होणारच होतं, ते त्यांनाही माहीत होतं.

तीन टनांचं वाक्य लिहिल्यावर ते जमिनीवर आणायचं काम. शेडच्या मालाला पिवळे क्रेट, फॅक्टरीच्या मालाला निळे, आणि ग्रेडिंग टेबलवर दोन्ही एका दिवशी घ्यायचे नाहीत. ग्रेडिंगच्या बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं की निळे क्रेट कमी पडले तर? म्हणून निळे जास्तीचे घेतले. असल्या गोष्टी फॉर्ममध्ये कोणी विचारत नाही, पण वाक्य खरं राहतं ते यांच्यामुळेच.

मेटल डिटेक्टरचं काम अर्ध्या दिवसाचं. युनिटकडे तीन टेस्ट पीस होते, लोखंडाचा 1.5 मिमी, नॉनफेरसचा 2.0 आणि स्टेनलेस स्टीलचा 2.5. ऑपरेटर ते बेल्टवर कडेने सोडायचा आणि मशीन दरवेळी ओरडायचं. पण मशीनच्या तोंडाच्या बरोबर मधोमध पकड सगळ्यात कमी असते, टेस्ट तिथूनच घ्यायची असते. मधून पीस सोडले तर लोखंड आणि नॉनफेरस दरवेळी पकडले, स्टीलचा 2.5 मात्र मधेमधे निसटला. बाहेरून 3.0 चा पीस आणला, तो एकदाही निसटला नाही. फॉर्ममध्ये कॅटलॉगचे आकडे खोडून 1.5, 2.0 आणि 3.0 लिहिले. कंपनीच्या स्पेकमध्ये स्टीलला 2.5 होतं, म्हणून शेजारी लिहिलं की आत्ता स्पेक पूर्ण होत नाही, सर्व्हिसवाल्याला बोलावलंय, ट्यूनिंगनंतरचे आकडे कळवू. एक गोष्ट आधीपासूनच बरोबर होती: पाऊचला आत मेटॅलाइज्ड थर असल्यामुळे गर भरायच्या आधीच बेल्टवरून जात होता. भरलेला पाऊच तसल्या डिटेक्टरमधून नेला असता तर टेस्टला काही अर्थच राहिला नसता.

रजिस्टरवरून खरी ताणाताणी झाली. सुपरवायझरने अगदी चांगल्या मनाने सुचवलं की मागचे साडेआठ महिने आपण बसून भरूया, मशीन तर तेव्हाही चालूच होतं ना. मी त्याला चालू रजिस्टरचीच दोन पानं दाखवली, एक सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन वेगळ्या हातांनी भरलेलं, डाग पडलेलं, एका ठिकाणी खाडाखोड आणि सही, आणि दुसरं पूर्ण आठवडा एकाच पेनाने एका दमात भरलेलं. ऑडिटरला कुठलं कुठलं आहे ते सांगावं लागत नाही. शिवाय मागचं भरताना लाईट गेलेले दिवस, चवथीची सुट्टी, मशीन बंद पडलेलं, हे सगळं हजेरी आणि वीजबिलाशी जुळायला हवं, ते कोणाला जमणार. उत्तर लिहिलं: मशीन वर्षभर वापरात आहे, लिखित रेकॉर्ड अमुक तारखेपासून आहेत, त्याआधीचे नाहीत.

पेस्टिसाइडचा रिपोर्ट काढून वाचला. लॅब एनएबीएलची मान्यता असलेली होती, रिपोर्टही चांगला होता, पण तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता आहे आणि नमुना पार्टीने स्वतः आणून दिलाय. एक लॉट, एक नमुना, तोही स्थानिक बीचा. त्यावरून ‘आमचा माल मुक्त आहे’ म्हणता येत नाही. लिहिलं ते असं: अमुक लॉटचा नमुना अमुक तारखेला तपासला, रिपोर्टमध्ये दिलेल्या घटकांपैकी एकही मोजता येईल इतका आढळला नाही, आयात बीच्या लॉटची अशी तपासणी अजून झालेली नाही. ‘आढळला नाही’ आणि ‘नाही’ यात फरक आहे, कारण लॅबच्या मोजायच्या मर्यादेखाली काय आहे ते लॅबही सांगत नाही.

मूळ: हंगामात गोवा, इतर वेळी बेनिन आणि आयव्हरी कोस्ट, प्रत्येक लॉटवर मूळ लिहिलेलं, जीआयचा कुठलाही दावा नाही. स्थानिक बी व्यापाऱ्यापर्यंत मागे नेता येते, बागायतदारापर्यंत नाही. मुलाला हे वाक्य सगळ्यात जास्त टोचलं, म्हणाला गोव्याच्या काजूलाच तर भाव आहे. मग हंगामातला स्थानिक लॉट वेगळा विका आणि तेवढ्यावरच गोवा लिहा, असं ठरलं.

निकाल

फॉर्म गेल्यावर बरेच दिवस काही आलं नाही आणि भाईंनी गृहीत धरलं की गेलं हातातून. मग क्वालिटीवाल्या बाईंचा फोन आला आणि त्यांनी येसबद्दल काही विचारलंच नाही, सगळे प्रश्न नो आणि अर्धवट उत्तरांवर. शेड कुठे आहे, क्रेट कसे वेगळे ठेवता, सर्व्हिसवाला कधी येतोय.

अप्रूव्हल मिळालं, पण अटींवर: तीन टन, फक्त फॅक्टरीत साल काढलेला माल, आणि ट्यूनिंगनंतरची मेटल डिटेक्टरची टेस्ट पाठवल्यावरच पहिली गाडी. सर्व्हिसवाल्याने बेल्ट बदलला, मशीन सेट केलं, स्टीलचा 2.5 मधूनही दरवेळी पकडला जायला लागला. ऑडिट पुढे आलं तेव्हा ऑडिटरने एक पाऊच उचलून साल काढायच्या टप्प्याची चिठ्ठी मागितली, ती मिळाली. त्याला सापडलं ते भलतंच, ग्रेडिंग टेबलवरच्या ट्यूबलाइटला कव्हर नव्हतं. फॉर्ममध्ये काचेच्या वस्तूंना कव्हर आहे का या प्रश्नाला येस होतं आणि ते आमच्यापैकी कोणी वर मान करून तपासलं नव्हतं. नोंद झाली, कव्हर लागलं.

किंमतही मोजावी लागली, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी धंदा अपेक्षेच्या निम्मा. फॅक्टरीतल्या सालीचं काम कंपनीसाठी राखलं गेलं आणि शेडचा माल घ्यायला बेळगावचा एक व्यापारी कुरकुरायला लागला, त्यामुळे बचत गटाला त्या हंगामात काम कमी मिळालं. गटाच्या अध्यक्ष बाई भाईंकडे येऊन सरळ म्हणाल्या, ‘भाई, तुमचे कागद नीट झाले, आमची चूल काय?’ त्यानंतर गटाच्या नावाने एफएसएसएआय रजिस्ट्रेशन केलं, बायकांचे मेडिकल झाले, दर सुपाला लॉटची चिठ्ठी लागली. कंपनीची माणसं शेड बघून गेली आणि पुढच्या हंगामापासून तिथला तुकडा माल घ्यायला लागली. अख्खा गर अजून फॅक्टरीतलाच घेतात.

आणि ते सरसकट येसवालं युनिट? त्यांची पूर्ण ऑर्डर चालू आहे, ऑडिट अजून आलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बचत गटाला फॉर्म पाठवायच्या आधी सांगायला हवं होतं. ‘शेड वगळतो’ हा निर्णय काट्याशेजारच्या टेबलावर झाला आणि ज्यांचं काम जाणार होतं त्यांना तो टेम्पोच्या फेऱ्या कमी झाल्यावर कळला. रजिस्ट्रेशन आणि मेडिकलचं काम महिनाभरात उरकतं, ते फॉर्मसोबतच सुरू केलं असतं तर कदाचित हंगाम वाचला असता.

दुसरं, सबकॉन्ट्रॅक्टिंगच्या प्रश्नावर कंपनीलाच आधी एक मेल टाकायला हवा होता. त्यांच्या व्याख्येत बचत गट कुठे बसतो, शेड रजिस्टर असेल तर चालेल का, हे त्यांनी फोनवर नंतर सहज सांगितलं. आम्ही मात्र ‘चालणारच नाही’ असं धरून गणित मांडलं होतं. अशा फॉर्मसोबत कॉन्टॅक्टचा मेल दिलेला असतो, तो विचारण्यासाठीच असतो आणि विचारल्याने कोणी बाद करत नाही.

तिसरं, येस असलेले प्रश्न. आम्ही सगळा वेळ अडलेल्या चार प्रश्नांवर घालवला आणि ‘हे तर आहेच’ वाले डोळे मिटून सोडले. ट्यूबलाइट तिथेच निसटली. फॉर्म हातात घेऊन फॅक्टरीत एक फेरी मारायची, प्रत्येक येससमोर उभं राहून ती वस्तू बघायची, हे ऑफिसात बसून होत नाही.

कंपनी हा फॉर्म दरवर्षी नव्याने भरून मागते. यंदा मुलाने गेल्या वर्षीची फाईल कॉपी केली नाही, कोऱ्या शीटपासून सुरुवात केली, कारण मधल्या काळात आयात बीच्या दोन लॉटचे रिपोर्ट आलेत आणि एका लॉटमध्ये एक घटक मोजता येईल इतका निघालाय, परवानगी असलेल्या मर्यादेच्या आत, पण निघालाय. पेस्टिसाइडच्या रकान्यात आता तो आकडा लिहिलेला आहे.